दोन दारांमधलं वांगं

दोन घरं कशी सांभाळायची हे कुणाला शिकायचं असेल, तर त्यानं सरळ इराकडे शिकवणी लावावी! पोरगी पाचवीत, अंगानं काडी, पण या विषयात तिनं पीएचडी केलेली. शाळेत मैत्रीण मायानं एकदा काळजीनं विचारलं, "तेरे को कन्फ्यूजन नहीं होता क्या?" तेव्हा इरानं डब्यातली शेवटची पोळी तोडत ऐटीत सांगून टाकलं, "उसमें क्या है! दरवाजा बदला, तो अपन भी बदल जाने का. बस!"

आणि ते खोटं नव्हतं. आईचं दार शहरातल्या जुन्या वस्तीत, तात्यापाऱ्यात, शंकर टेलरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. तिथं चपला दाराबाहेर, त्याही भिंतीकडे तोंड करून. आत पाऊल टाकलं की सरळ न्हाणीघरात, हातपाय धुवायचे. जेवण वेळेवर, झोप वेळेवर, केसांना तेल. आणि बोलायचं मराठीत. आई म्हणायची, "शाळेत हिंदी, दुकानात हिंदी, निदान उंबऱ्याच्या आत तरी मराठी चालू दे!" या दाराच्या आत तिचं नाव पूर्ण असायचं, इरावती. आई राधिका एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर लोकांच्या रक्ताच्या बाटल्यांवर नावं लिहून लिहून तिला अर्धवट नाव सहनच व्हायचं नाही.

बाबांचं दार शहराच्या टोकाला, कारखान्यांच्या बीरगांवात, थेट गल्लीत उघडणारं. तिथं चपला आत, खाटेखाली. कारण बाहेर ठेवल्या तर गल्लीतला मोती नावाचा कुत्रा पळवायचा, आणि तोही नेमकी डावी! दारात ओलं पोतं अंथरलेलं. कारखान्यांची काळी धूळ उडायची, म्हणून पोत्यावर पाय पुसून मगच आत यायचं. पण एकदा आत आलं की मोकळं रान! भूक लागेल तेव्हा जेवा, झोप येईल तेव्हा झोपा, गल्लीतल्या पोरांशी हिंदीत भांडा. आणि नाव? नाव फक्त 'पोट्टी'. बाबा शिशिर जवळच्याच उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला होते. तिथं दिवसभर ते एकच काम करायचे. नमुना तपासायचा आणि पास की फेल ते सांगायचं.

दीडेक वर्ष आईबाबा वेगळे राहत होते. आता दोघांनी मिळून, राजीखुशीनं, फॅमिली कोर्टात अर्ज केला होता. पहिली तारीख झाली होती, आणि सहा महिन्यांनी दुसरी. त्या दुसऱ्या तारखेला दोघांनी पुन्हा 'हो' म्हटलं की झालं. इरा आईकडे राहणार हे ठरलेलंच होतं. आधी ती महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बाबांकडे जायची ती फक्त दिवसभरासाठी, दिवेलागणीला परत. आता समुपदेशक बाईंनी सुचवलं होतं, "रात्रीचा मुक्काम सुरू करून बघा. बेटीला झेपलं, तक्रार आली नाही, तर पुढच्या तारखेच्या कागदात तेच लिहू." म्हणजे हा मुक्काम अजून कच्चा होता. आणि इराला तो पक्का करायचा होता! बाबांच्या घरी रात्री पत्र्यावरून मांजर चालायची, बाबा अंधारात कारखान्यातल्या गमती सांगायचे आणि सांगता सांगता स्वतःच आधी झोपायचे. हे सगळं एका तक्रारीनं जाऊ शकत होतं. म्हणून तर ती इतकी सांभाळून वागायची!

समुपदेशक बाईंचे आणखी दोन नियम होते. एक, पोरीला पोस्टमन करायचं नाही. तिकडे काय चाललंय असं तिला कुणी विचारायचं नाही, इकडचा निरोप तिच्याकडून तिकडे पाठवायचा नाही. दोन, शाळेचं आणि तब्येतीचं मात्र आईबाबांनी एकमेकांना थेट कळवायचं. दोघंही इतके शिस्तीचे की हे नियम त्यांनी गीतेसारखे पाठ केले. कोर्टात गेल्यापासून ते एकमेकांना 'तुम्ही' म्हणू लागले होते! इराची देवाणघेवाण व्हायची ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर. बाबा पायरी चढायचे नाहीत, आई पायरी उतरायची नाही.

इरानं यातला पहिला नियम चांगला ओळखून ठेवला होता. एका दारातलं दुसऱ्या दारात जात नाही! इथं म्हटलेलं इथं, तिथं म्हटलेलं तिथं. दुसरा नियम तिच्या डोक्यातून साफ निसटला, आणि तिथंच सगळं रामायण सुरू झालं.

त्या दुसऱ्या शनिवारी बाबांनी भरली वांगी केली होती. सलग तिसऱ्यांदा!

त्यात बाबांची चूक काही नव्हती. एके काळी इरा भरलं वांगं दिसलं की ताट घेऊन नाचायची, हे त्यांच्या लक्षात होतं. फक्त ती वांगी आईच्या हातची असायची, एवढी बारीकशी गोष्ट ते विसरले होते. बाबांची वांगी बाहेरून करपलेली आणि आतून कच्ची. मसाला असा, की जणू कुणी ओली माती भरून ठेवलीये. पण ती करायला बाबा सकाळपासून ओट्याशी उभे असायचे. मोबाईलवर व्हिडिओ थांबवत थांबवत, चष्मा कपाळावर चढवून. मग ताट वाढून समोर बसायचे आणि तिच्या तोंडाकडे पाहायचे, कारखान्यात नमुन्याकडे पाहत असतील तसेच.

अशा माणसाला फेल कसं म्हणायचं हो? आणि 'आईची छान असतात' हे तर म्हणायचंच नाही. इरानं पहिल्या वेळी पाण्याबरोबर गिळलं, दुसऱ्या वेळी मोतीला घातलं. (मोतीनं हुंगलं आणि निघून गेला!) तिसऱ्या वेळी तिची अक्कल चालली.

"बाबा, मले न... वांग्यानं खाज सुटते."

बाबांच्या हातातला डाव पातेल्यात पडला. "काय? कधीपासून?"

"पता नहीं. आजकल सुटते." आणि पुरावा म्हणून तिनं दंड पुढे केला. बीरगांवच्या डासांनी तिथं सकाळपासून नक्षी काढून ठेवलीच होती.

"अरे बापा! पुरळ आलं की!" बाबांनी खिडकीच्या उजेडात नेऊन दंड निरखला. "अन् मी तुले दर वेळी तेच खाऊ घालून राहिलो! सांगितलं काहून नाही पोट्टी?"

वांगं गेलं, दहीभात आला. इरानं बोटं चाटूनपुसून खाल्ला. किती सोपं काम! इकडची गोष्ट इकडेच मिटली, असं तिला वाटलं. पण तिकडे ओट्याशी उभे राहून बाबा नियमाप्रमाणे मोबाईलवर टाइप करत होते : 'इरावतीला वांग्याची ॲलर्जी आहे. दंडावर पुरळ. सध्या प्रकृती ठीक. कळावे.'

रविवारी संध्याकाळी आई शेवटच्या पायरीवर उभी होती. नेहमीसारखं 'आलीस?' नाही, काही नाही. तिनं पहिलं काम केलं ते बाही वर करून दंड पाहण्याचं.

"हिनं इथं गुरुवारीच वांगं खाल्लं," आई बाबांना म्हणाली. "दोनदा मागून घेतलं. इथं काहीच झालं नाही!"

"तिकडे झालं. मी स्वतः पाहिलं."

"तेच म्हणून राहिले मी. वांगं इथंही तेच, तिथंही तेच. मग तिथंच काहून होते? वांग्याचं नाहीच ते. तुमच्या तिकडच्या धुळीचं आहे!"

आईनं जिना चढताच दप्तर झटकलं, पिशवीतले सगळे कपडे गरम पाण्यात टाकले. त्यात बाबांनी घेतलेला हिरवा फ्रॉक होता. तो इतका कडक पाण्यात गेला की बाहेर आला तेव्हा बाहुलीला झाला असता!

सोमवारी डॉक्टर. डॉक्टरांनी दंड पाहिला, चष्मा काढला, घातला. म्हणाले, "नक्की सांगता येत नाही. डास भी हो सकता है. खाजेचं सिरप देतो, लागलं तरच द्या. और एक बार में एक ही चीज बदलिए. या तो बैंगन बंद, या फिर वो जगह. दोन्ही एकदम बंद केलं तर कळणार कसं?"

आई घरी येऊन विचार करत बसली. मग म्हणाली, "वांगं तर ती इथं खातेच आहे. मग जागा बदलून बघू. या वेळी रात्री राहू नको, इरावती. दिवसा जाऊन ये."

झालं! ज्यासाठी एवढा आटापिटा, नेमकं तेच गेलं! इराला रडू फुटलं. आईला वाटलं, पोरीला फारच खाज सुटतेय. तिनं सिरप पाजलं.

त्या सिरपची वेगळीच गंमत. त्यानं खाज थांबते की नाही ते देव जाणे, पण झोप मात्र अशी येते की विचारू नका! दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला इरा बाकावर डोकं टेकून गाढ झोपली. बाईंनी हाक मारली तर झोपेतच म्हणाली, "वांगं नको!" बाई घाबरल्या. पोरीच्या घरचं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी लगोलग आईला फोन केला आणि मग बाबांनाही. "बच्ची डिस्टर्ब्ड लग रही है," असं दोघांना सांगितलं. आता तब्येतही झाली आणि शाळाही झाली. दुसऱ्या नियमातल्या दोन्ही गोष्टी दाराबाहेर पडल्या!

तिकडे बीरगांवात बाबांनी धुळीशी युद्ध पुकारलं. खिडक्यांना प्लास्टिक लावलं. उशा उन्हात, गादी उन्हात, पोतं दिवसातून दोनदा ओलं. शेजारच्या विमला दीदी कडुनिंबाचा पाला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "भैया, पूरा घर ला धुआं दे दव!" बाबांनी धूर केला. प्लास्टिक लावलेल्या खिडक्यांतून तो बाहेर जाईना, आणि बाबा स्वतःच रात्रभर खोकत बसले.

पण माणूस क्वालिटीचा! नमुना न तपासता माल नाकारलेला त्यांना कसा चालेल? चौथ्या शनिवारी सकाळी ते जिन्यापाशी आले ते हातात स्टीलचा डबा घेऊन.

"हे मी केलेली वांगी," ते आईला म्हणाले. "इथं, तुमच्यासमोर खाऊ घाला. खाज सुटली, तर दोष वांग्याचा. माझं घर सुटलं. नाही सुटली, तर मी मान्य करतो, धुळीचा."

आईनं क्षणभर विचार केला. मग लॅबवाली जागी झाली. "नुसतं तुमचं काहून? माझंही लागेल ना, जोडीला. आज वांगीच केलीत मी." आणि वर जाऊन ती वाटी घेऊन आली. दुसऱ्या हातात सिरपची बाटली.

शंकर टेलरनं मशीन थांबवलं. आतून एक स्टूल आणून दिलं, आणि पुढं काय होतंय ते पाहायला गळ्यात टेप अडकवून तो दारात उभा राहिला. इरा स्टुलावर बसली. परीक्षेला सुद्धा ती इतकी घाबरली नव्हती.

आधी आईचं वांगं. अहाहा! मऊ, तेल सुटलेलं, तीळ-खोबऱ्याचा वास. तशाही अवस्थेत इरानं वाटी पुसून घेतली. सगळे थांबले. आईनं घड्याळ पाहिलं, दंड पाहिला. काही नाही.

मग बाबांचं वांगं. इरा चावत होती आणि डोकं भराभर चालवत होती. खाज नाही सुटली तर धूळ दोषी, मुक्काम गेला. म्हणजे खाज सुटलीच पाहिजे! घास घशाखाली उतरतो न उतरतो तोच ती दंड खाजवायला लागली. खराखरा!

"पाह्यलं!" बाबा आनंदानं ओरडले. "वांगंच होतं! माझं घर नाही!"

"थांबा," आई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "माझं वांगं खाऊन नाही सुटली. तुमचं खाऊन सुटली. म्हणजे वांगंही नाही, धूळही नाही. दोष..."

हिशेब बाबांना आईच्या आधी कळला होता. ते डब्याकडे पाहत राहिले. मग झाकण लावायला गेले, तर ते लागेचना.

"म्हणजे माझ्या हातचंच तिले सोसत नाही," ते हळू म्हणाले. "ठीक आहे. मी काही नाही बनवत. बाहेरून आणत जाईन. नाहीतर तुम्ही डबा देत जा. पण राधिका, तिले रात्री राहू द्या."

इरानं बाबांना कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. तिच्या दंडावरचा हात आपोआप थांबला. दार बदललं की आपण बदलायचं, हे तिला चांगलं येत होतं. पण इथं दारच नव्हतं. होती ती नुसती पायरी. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाबा, आणि आता कुठली इरा व्हायचं तेच तिला कळेना.

"मले खाज सुटत नाही!" ती एकदम ओरडली आणि भोकाड पसरलं. "कभी नहीं सुटली! तो डास था! बाबांची वांगी... बाबांची वांगी बेकार असतात! एकदम बेकार! मोतीनं पण नाही खाल्ली!"

शंकर टेलर लगबगीनं आत गेला आणि उगाचच मशीन चालवायला लागला. सुईत दोरा नव्हता.

बाबांनी विचारलं, "मग सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही सकाळपासून करता न... और ऐसे देखते हो..." पुढचं हुंदक्यात गेलं.

आई शेवटची पायरी उतरली. दीड वर्षात पहिल्यांदा! तिनं बाबांच्या हातातला डबा घेतला, वांग्याचा एक तुकडा तोडला आणि तोंडात टाकला. एकदा चावलं. दुसऱ्यांदा चावलं. तिसऱ्यांदा तिला चावताच येईना.

"शिशिर," ती कसंबसं म्हणाली, "तू शेंगदाणे कच्चेच वाटलेस?"

"म्हणजे? भाजायचे असतात?"

"अवं माय!" आई मटकन पायरीवर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. हसता हसता इराला जवळ ओढून घेतलं. "अन् ही पोरगी तीन वेळा खाऊन राहिली हे! शेंगदाणे भाज, तीळ भाज, खोबरं भाज. अन् वांगी झाकण ठेवून बारीक आचेवर. तू काय भट्टीवर ठेवतो का?"

"व्हिडिओत घाईघाईनं सांगते ती बाई," बाबा म्हणाले. पण तेही हसत होते. मग त्यांनी घसा खाकरला. "मग... मुक्काम?"

"तुमच्या घरात धुराचा वास येते म्हणते इरावतीची विमला दीदी. फोन आला होता तिचा," आई पुन्हा 'तुम्ही'वर गेली, पायरीवरही गेली. "खिडक्यांचं प्लास्टिक काढा. पोरगी गुदमरेल. बाकी पुढच्या तारखेला लिहून टाकू तसंच. रात्र तिकडे."

इरानं डोळे पुसले आणि नवी कोरी झाल्यासारखी स्कूटरवर जाऊन बसली. बीरगांवात पोहोचेपर्यंत बाबांच्या मोबाईलवर भरल्या वांग्यांची अख्खी कृती येऊन पडली होती. वर आईनं लिहिलं होतं : 'तब्येतीची बाब म्हणून कळवत आहे.'

सगळं कसं छान झालं! दुसऱ्या तारखेला मुक्काम कागदावर चढला. दारं मात्र होती तशीच राहिली. तात्यापाऱ्यात चपला बाहेर आणि इरावती, बीरगांवात चपला आत आणि पोट्टी. ते दोघं परत एकत्र येतील असं इरालाही वाटलं नाही. मायानं विचारलं तेव्हा तिनं सांगूनही टाकलं, "नहीं रे. सिर्फ बैंगन का मामला है."

पण हा मामला मिटता मिटेना! बाबांनी शेंगदाणे भाजले, आच बारीक केली, आणि वांगी खरोखर जमली. जमली म्हणजे काय, बाबांना त्याचा नादच लागला! शनिवारी दुपारी वांगी, रात्री तीच गरम करून. रविवारी निघताना नमुन्याचा एक डबा इराच्या पिशवीत, आईकडून पास करून घ्यायला. आई चव घेऊन शेरा मारायची, 'गूळ कमी.' आणि दोन्ही वांग्यांत फरक काय ते इराला कळावं म्हणून सोमवारी स्वतः वांगी करायची. पोस्टमन व्हायचं नाही हा नियम राहिला बाजूला, इरा आता वांग्यांची डाकगाडी झाली होती! दोन दारांत सगळं वेगळं, एवढं एक मात्र तेच.

परवा रविवारी आईनं डबा उघडला, तेव्हा इराच्या मानेवर खरोखरच लालभडक चट्टा उठला होता आणि त्याला मनापासून खाज सुटली होती.

"आई," ती काकुळतीला येऊन म्हणाली, "मले वाटते, वांग्यानं..."

आईनं वर न पाहताच वाटी पुढे सरकवली. "हो का? खा मग. पुरळ येते का पाहू."